फिल्टर लावला तरी बेरीज हलत नाही? SUM ऐवजी SUBTOTAL वापरून बघा

आमच्या मामांची रताळ्यांची अडत आहे, सीझनमध्ये बेळगाव-खानापूर भागातनं माल येतो आणि संध्याकाळी एक्सेलमध्ये एंट्री मारायचं काम माझ्याकडं. एकदा मामांनी विचारलं, नंदगडची पोती किती झाली बघ की, लॉरी सांगायची आहे. मी गावाच्या कॉलमला फिल्टर लावला, नंदगड तेवढं ठेवलं आणि वरची बेरीज वाचून २०० सांगितलं. लॉरी मोठी आली आणि माल निघाला ९० पोती.

चूक कुठं झाली ते समजावं म्हणून तोच हिशोब मांडतो. A मध्ये गाव, B मध्ये पोती, २ ते ९ अशा आठ ओळी: उचगाव २०, नंदगड ३५, बिडी १८, नंदगड २५, उचगाव ४०, जांबोटी १२, नंदगड ३०, बिडी २०. सगळे मिळून २००. बेरजेचा फॉर्म्युला होता हा:

```
=SUM(B2:B9)
```

SUM ला फक्त पत्ता कळतो, B2 पासून B9 पर्यंत जे आकडे आहेत ते मिळव एवढंच. फिल्टर आकडे पुसत नाही, फक्त ओळ नजरेआड करतो, आकडा जागेवरच राहतो, म्हणून SUM २००च दाखवणार आणि त्याच्या परीनं ते बरोबरच आहे. SUBTOTAL मात्र आकड्यासोबत ती ओळ दिसतेय का लपलीय हेपण बघतो:

```
=SUBTOTAL(9,B2:B9)
```

यातला 9 म्हणजे बेरीज कर (1 टाकला तर सरासरी, 3 टाकला तर भरलेले सेल मोजतो). नंदगडचा फिल्टर लावला की लगेच ९० येतं, फिल्टर काढला की परत २००.

आता खरी मेख इथं आहे. ओळ दोन प्रकारे लपते, एक फिल्टरनं आणि दुसरी आपण स्वतः राइट क्लिक करून हाइड केली तर. समजा फिल्टर काही नाही, आणि पाचव्या ओळीतल्या २५ पोत्यांचं वजन पुन्हा एकदा करायचं आहे म्हणून ती ओळ मी हातानं हाइड केली, तर 9 वाला फॉर्म्युला अजून २००च दाखवतो, कारण हातानं लपवलेली ओळ तो धरतो. ती सोडायची असेल तर:

```
=SUBTOTAL(109,B2:B9)
```

हा १७५ देतो. फिल्टरनं गेलेल्या ओळी दोन्ही सोडतात, फरक फक्त हातानं लपवलेल्यांचा. माझं मत विचाराल तर "डोळ्यांना दिसतंय तेवढंच" असा आकडा हवा असेल तिथं सरळ 109 टाकावा. पण कुणीतरी कधीतरी एखादी ओळ हाइड करून विसरला तर बेरीज गुपचूप कमी होते, म्हणून डावीकडचे ओळींचे नंबर बघायची सवय ठेवा, ४ नंतर एकदम ६ आला म्हणजे मधली ओळ लपलीय. आणि हे सगळं ओळींपुरतंच बरं का, अख्खा कॉलम हाइड केला तर आडव्या बेरजेत दोन्ही फॉर्म्युले तो धरतातच.

फॉर्म्युला कुठं ठेवायचा हेपण महत्त्वाचं. डाटाच्या खाली लगेच SUM ची ओळ असली तर तीपण फिल्टरमध्ये अडकून गायब होऊ शकते. मी आता हेडिंगच्याच ओळीत, मधले कॉलम मोकळे सोडून, E1 ला SUM आणि F1 ला SUBTOTAL ठेवतो. SUM टाकून द्यायचा नाही, दोन्ही शेजारी असले की F1 ला E1 नं भागलं की नंदगडचा वाटा ४५ टक्के हे लगेच कळतं.

गावाप्रमाणे ओळी लावून प्रत्येक गावाखाली वेगळी बेरीज घेत असाल तर अजून एक सोय आहे. तिथं सगळीकडं SUM वापरून शेवटी अख्ख्या कॉलमची SUM केली तर गावांच्या बेरजा परत धरल्या जाऊन ४०० येतं. सगळीकडं SUBTOTAL असेल तर शेवटचा SUBTOTAL मधले SUBTOTAL स्वतःच वगळतो आणि बरोबर २०० देतो.

एवढं करूनही आमच्याकडं आकडा परत चुकला, आणि तेव्हा फॉर्म्युल्याचा दोष नव्हता. दुकानात एक जण गावाचं नाव कन्नडात टाइप करतो, मी मराठीत, आणि एक्सेलला ती दोन वेगळी गावं वाटतात. नंदगडवर टिक केली की कन्नडातली ओळ लपते आणि SUBTOTAL प्रामाणिकपणे ती सोडून देतो. नावाच्या मधेच चुकून स्पेस पडली तरी हीच गत व्हायची. म्हणून टिक करायच्या आधी फिल्टरची यादी उघडून एकच गाव दोनदा दिसतंय का ते बघतो, आणि आता गावाच्या कॉलमला ड्रॉपडाऊन लावून टाकलाय, नाव टाइप करायचं नाही, यादीतनं निवडायचं.