बँकेच्या नॅरेशनवरून खर्चाचे हेड कसे ठरते: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपण दरमहा आमच्या दांडिया बाजार येथील कार्यालयात बँकेचे स्टेटमेंट पाठवता, तेव्हा त्यातील प्रत्येक ओळीत तारीख, रक्कम आणि नॅरेशन अशा तीन गोष्टी असतात. नॅरेशन म्हणजे बँकेने स्वतःच्या सोयीसाठी छापलेला मजकूर. त्यात व्यवहाराचा प्रकार, क्रमांक, समोरच्या पक्षाचे अर्धेमुर्धे नाव आणि असलाच तर आपण लिहिलेला शेरा हे सगळे तिरप्या रेघांनी किंवा आडव्या रेघांनी जोडलेले असते. या मजकुरावरून ती रक्कम वीजबिलात जाते, भाड्यात जाते की कच्च्या मालाच्या खरेदीत, हे आम्ही एक्सेलमधील एका तक्त्याच्या आधारे ठरवतो. आमच्याकडून आपल्याला येणाऱ्या शीटमध्ये हा तक्ता आणि त्याची सूत्रे उघडी ठेवलेली असतात, आणि ती कशी चालतात हे आपल्याला माहीत असावे, अशी आमची इच्छा आहे.

तक्ता `Map` नावाच्या वेगळ्या पानावर असतो. त्याच्या पहिल्या स्तंभात नॅरेशनमध्ये शोधायचा शब्द आणि दुसऱ्या स्तंभात त्यासाठीचे हेड असते. उदाहरणार्थ `MGVCL` समोर ‘वीजबिल’, `RENT` समोर ‘दुकानभाडे’ आणि `EMI` समोर ‘कर्जाचा हप्ता’. सूत्र प्रत्येक नॅरेशनमध्ये हे सगळे शब्द शोधते आणि जो सापडेल त्याचे हेड त्या ओळीसमोर लिहिते.

ही साधी मांडणी कुठे फसते, हे आम्ही एका ग्राहकाच्या हिशेबात अनुभवले, आणि ती चूक आमचीच होती. त्यांच्या कर्जाचा हप्ता ₹18,450 असून तो दरमहा 5 तारखेला कापला जात असे. एका महिन्यात मात्र ‘कर्जाचा हप्ता’ या हेडची बेरीज ₹53,790 आली. ओळी उघडून पाहिल्या तेव्हा वरची ₹35,340 ही रक्कम दोन भलत्याच व्यवहारांची निघाली: एका रसायन पुरवठादाराला दिलेले ₹23,600 आणि विम्याचे ₹11,740. कारण असे की सूत्र अक्षरे जुळवत होते, शब्द नव्हे. `CHEMICALS` या शब्दाच्या पोटात `EMI` आहे आणि `PREMIUM` च्या पोटातही आहे. आपल्या बडोद्यात रसायनांचा व्यापार एवढा मोठा असताना ही चूक कितीजणांच्या वहीत शिरू शकेल, याचा विचार करावा. त्याच रीतीने `INT` हा व्याजासाठीचा शब्द `PRINTERS` मध्ये सापडतो, `RENT` हा `CURRENT` मध्ये सापडतो, आणि `ATM` तर आत्माराम नावाच्या कुठल्याही सद्गृहस्थाला दिलेले पैसे रोख काढल्याचे दाखवून मोकळा होतो. परिणाम केवळ नावापुरता राहत नाही. हप्त्यातील मुद्दल हा खर्च नसतो, त्यामुळे खरेदी हप्त्यात गेली की खर्च कमी आणि नफा फुगलेला दिसतो, शिवाय त्या खरेदीवरील जीएसटीचा मेळही बसत नाही.

म्हणून आता आम्ही आधी नॅरेशन साफ करतो. `B2` मध्ये बँकेचा मूळ मजकूर असेल, तर शेजारच्या `C2` मध्ये हे सूत्र असते:

```
=" "&TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "),"/"," "),"-"," "))&" "
```

दोन्ही प्रकारच्या रेघांच्या जागी मोकळी जागा येते, जादा मोकळ्या जागा निघून जातात आणि मजकुराच्या दोन्ही टोकांना एकेक मोकळी जागा लागते. `CHAR(160)` ही वेबपानावरून उतरवलेल्या स्टेटमेंटमध्ये येणारी वेगळ्या जातीची मोकळी जागा आहे. ती डोळ्यांना साध्या जागेसारखीच दिसते, पण `TRIM` तिला हात लावत नाही, म्हणून ती आधी बदलून घ्यावी लागते. यानंतर `D2` मध्ये हेड शोधले जाते:

```
=IFERROR(LOOKUP(2,1/SEARCH(" "&Map!$A$2:$A$120&" ",C2),Map!$B$2:$B$120),"तपासा")
```

येथे तक्त्यातील प्रत्येक शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लावून मगच तो शोधला जातो. त्यामुळे सुटा `EMI` सापडतो, पण `CHEMICALS` च्या पोटातला सापडत नाही. शब्द सापडला की `SEARCH` त्याची जागा आकड्यात सांगते आणि न सापडल्यास चूक दाखवते. एकाला त्या आकड्याने भागल्यावर उत्तर कधीच एकापेक्षा मोठे येत नाही, आणि `LOOKUP` मात्र 2 शोधत असते. 2 कुठेच नसल्यामुळे ती चुका ओलांडत जाऊन शेवटच्या आकड्यावर थांबते आणि त्याचे हेड उचलते. मोकळ्या जागा लावण्याचा आणखी एक फायदा आहे. साध्या सूत्रात तक्त्यातील रिकामी ओळ प्रत्येक नॅरेशनशी जुळते आणि सगळे हिशेब बिघडवते; येथे तसे होत नाही.

‘शेवटच्या आकड्यावर थांबते’ हे मात्र नीट लक्षात ठेवावे लागते, कारण एका नॅरेशनमध्ये दोन शब्द जुळले तर तक्त्यात खाली असलेला जिंकतो. समजा `CHARGES` समोर ‘बँक शुल्क’ आहे आणि `FREIGHT` समोर ‘मालवाहतूक’ आहे. ट्रान्सपोर्टवाल्याला पैसे देताना आपण `FREIGHT CHARGES` असा शेरा लिहिला, तर `FREIGHT` खाली असायलाच हवा. म्हणून मोघम शब्द वर आणि नेमके शब्द खाली, हा क्रम आम्ही पाळतो. आपण स्वतः शब्द वाढवणार असाल, तर तक्ता अकारविल्हे लावू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. तसे केल्यास सूत्र कोणतीही चूक न दाखवता उत्तरे बदलते. ज्या ओळीत एकाहून अधिक शब्द जुळले, त्या ओळी पुढील सूत्राने वेगळ्या दिसतात, आणि 1 पेक्षा मोठे उत्तर आलेली प्रत्येक ओळ आम्ही स्वतः वाचतो:

```
=SUMPRODUCT(--ISNUMBER(SEARCH(" "&Map!$A$2:$A$120&" ",C2)))
```

या पद्धतीत एक उणीव राहते. बँकेने नाव मध्येच तोडून `CHEMICA` एवढेच छापले, तर पूर्ण शब्द जुळत नाही आणि ओळ ‘तपासा’ मध्ये जाते. हे आम्हाला मान्य आहे, कारण न ठरलेली ओळ दिसते आणि चुकीची ठरलेली ओळ लपते. सर्व हेडांची आणि ‘तपासा’ची बेरीज स्टेटमेंटमधील एकूण नावे रकमेशी जुळली, तरी त्यावरून एवढेच कळते की एकही ओळ सुटलेली नाही, प्रत्येक ओळ योग्य हेडमध्ये गेली आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ठरावीक रकमेची हेडे, म्हणजे हप्ता आणि भाडे, महिन्यामागून महिना शेजारी मांडून पाहावी लागतात. वर सांगितलेली चूक अशीच हाती लागली.

काही बाबी मात्र शब्दांवरून ठरतच नाहीत. स्वतःच्याच दुसऱ्या बँक खात्यात वळवलेली रक्कम हा खर्च नाही. एटीएममधून काढलेली रोकड कशावर गेली, हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. ज्यांच्याकडे आपण जागा भाड्याने घेतली आहे त्यांच्याचकडून मालही घेत असाल, तर नाव दोन्ही वेळा तेच छापले जाते आणि त्या नावाला कोणते हेड द्यावे याचे उत्तर तक्त्याकडे नसते. अशा वेळी पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागेत `RENT` किंवा `MAAL` एवढा एकच शब्द, दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून, लिहावा. आपण लिहिणार असलेले शब्द आम्हाला आधी कळवले, तर ते तक्त्यात नावांच्या खाली घालून ठेवता येतील.