जीएसटीत आकडे जुळत नसल्याची नोटीस आली तर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदार, तसेच शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतील व्यापारी यांच्याकडून आम्हाला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, की "एएसएमटी-१० नोटीस आली आहे, रक्कम भरून टाकू का?" याचे उत्तर नोटीस पूर्ण वाचल्याशिवाय देता येत नाही. ते कसे द्यायचे आणि त्यासाठी आम्हाला आपल्याकडून काय लागते, हे या पत्रकात लिहिले आहे.

एएसएमटी-१० ही करनिर्धारणाची ऑर्डर नसते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे अधिकारी आपले रिटर्न तपासतो आणि त्याला जो फरक दिसतो त्याचा खुलासा मागतो. खुलासा एएसएमटी-११ मध्ये द्यायचा असतो. नियम ९९ प्रमाणे त्यासाठी नोटीस मिळाल्यापासून जास्तीत जास्त तीस दिवस मिळतात, आणि अधिकाऱ्याने मान्य केल्यास मुदत वाढते. मुदतवाढीची विनंती मुदत संपण्यापूर्वी लेखी करावी. फोनवर "थोडे थांबा साहेब" म्हटल्याची नोंद कोठेही राहत नाही. डीआरसी-०१बी आणि डीआरसी-०१सी ही पत्रे निराळी आहेत. ती संगणकातून आपोआप निघतात, त्यांना सातच दिवसांची मुदत असते आणि उत्तर न दिल्यास पुढच्या महिन्याचे जीएसटीआर-१ भरता येत नाही. तसे पत्र आल्यास हे पत्रक वाचत बसू नये, त्याच दिवशी कार्यालयात यावे.

आमचा सर्वांत जास्त वेळ एकाच गोष्टीत जातो. ग्राहक नोटिशीच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि सोबत वर्षभराच्या खरेदीची फाईल कापडी पिशवीतून आणून देतात. पहिल्या पानावर सहसा कलम, कालावधी आणि शेवटची तारीख एवढेच असते. कोणत्या तक्त्यातील कोणता आकडा कशाशी ताडून फरक काढला, हे जोडलेल्या परिशिष्टात असते. ते परिशिष्ट पोर्टलवर लॉगिन करून Services > User Services > View Additional Notices/Orders येथे, त्या प्रकरणाच्या आत जोडलेली फाईल म्हणून मिळते. ते हाती येईपर्यंत पिशवीतले एकही बिल आम्ही उघडत नाही. काहींना हा आमचा हटवादीपणा वाटतो. परंतु अधिकाऱ्याने जी तुलना केलीच नाही तिचे उत्तर देण्यात आठवडा घालवला, तर मूळ फरक जागच्या जागीच राहतो आणि तीस दिवसांतले सात दिवस जातात.

परिशिष्ट हाती आल्यावर काम कसे चालते, ते एका नमुना प्रकरणावरून पाहू. शिरोलीतील एक मशीन शॉप आहे आणि नोटीस २०२२-२३ या आर्थिक वर्षाची आहे. जीएसटीआर-३बी च्या तक्ता ४(ए) मध्ये वर्षभरात घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट ८,६४,२०० रुपये आहे, जीएसटीआर-२ए मध्ये दिसणारे ७,९१,८०० रुपये आहे, आणि ७२,४०० रुपये जादा क्रेडिट घेतल्याचे विभागाचे म्हणणे आहे. येथे बहुतेक मालक म्हणतात, "आमचा सगळा टॅक्स भरलेला आहे, तसे लिहून द्या." ते खरे असले तरी उत्तर होत नाही. अधिकाऱ्याने ७२,४०० विचारले आहेत, तेव्हा उत्तरातील ओळींची बेरीजही बरोबर ७२,४०० यायला हवी, आणि प्रत्येक ओळीमागे कागद हवा.

पहिली ओळ १८,४०० रुपयांची निघाली. कास्टिंगची ने-आण करणारा ट्रान्सपोर्टवाला नोंदणीकृत नव्हता, म्हणून ३,६८,००० रुपये भाड्यावर पाच टक्के कर कारखान्याने स्वतःच रिव्हर्स चार्जने भरला आणि त्याचे क्रेडिट घेतले. ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही त्याचे बिल २ए मध्ये येणार कसे? विभागाने मात्र तक्ता ४(ए) ची संपूर्ण बेरीज धरली होती. या ओळीला तीन कागद लागतात: बिल्टीसह कारखान्याने स्वतः तयार केलेले सेल्फ इन्व्हॉइस, त्या महिन्यांच्या ३बी मधील तक्ता ३.१(डी), आणि कॅश लेजरमधून तो कर रोखीने गेल्याची नोंद. रिव्हर्स चार्जचा कर क्रेडिटमधून भरता येत नाही, त्यामुळे कॅश लेजरचे पान हाच येथे पक्का पुरावा ठरतो.

दुसरी ओळ ३६,००० रुपयांची. पिग आयर्नच्या एका पुरवठादाराने मार्च २०२२ चे जीएसटीआर-१ एप्रिलच्या २० तारखेला, म्हणजे उशिरा भरले. २ए मध्ये ते बिल पुरवठादाराच्या महिन्यात, म्हणजे मार्चमध्ये आणि पर्यायाने आधीच्या आर्थिक वर्षात गेले. २बी मात्र भरल्याच्या तारखेप्रमाणे बनते, म्हणून तेथे ते एप्रिल २०२२ मध्ये आले, आणि कारखान्याने क्रेडिटही एप्रिलमध्येच घेतले. १ जानेवारी २०२२ पासून क्रेडिट घेण्यासाठी बिल २बी मध्ये येणे आवश्यक झाले आहे. त्यामुळे तुलना २बी शी व्हावी, अशी विनंती आम्ही उत्तरात करतो. बिल आणि एप्रिलची २बी जोडतोच, शिवाय मार्च २०२२ ची ३बी आणि खरेदी रजिस्टरही जोडतो. कारण अधिकाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न हाच येतो, की हेच क्रेडिट मार्चमध्येही घेतले नव्हते ना? मार्च २०२३ ची उशिरा आलेली बिले हाच फरक उलट दिशेने करतात, म्हणून वर्षाची दोन्ही टोके पाहिल्याशिवाय आम्ही आकडा लिहीत नाही.

तिसरी ओळ १८,००० रुपयांची, आणि ती कारखान्याची चूक होती. एक लाखाच्या स्पेअर्सचे बिल ऑक्टोबरमध्ये ईमेलवरून नोंदले गेले. मूळ प्रत नंतर मालासोबत आल्यावर जानेवारीत ते पुन्हा नोंदले गेले, कारण दुसऱ्या वेळी बिल नंबर टाकताना मधली तिरकी रेघ गळाली आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरला तो नवा नंबर वाटला. ही ओळ आम्ही मान्य करतो, आणि मान्य केल्याचे स्पष्ट लिहितो. ज्या उत्तरात प्रत्येक आकड्याचे समर्थन असते, त्याच्या खऱ्या ओळींकडेही संशयाने पाहिले जाते, असे आमचे मत आहे.

घाबरून भरणाऱ्यांचे नुकसान येथे होते. अनेक जण ७२,४०० रुपये आणि त्यावर पूर्ण काळाचे १८ टक्के व्याज डीआरसी-०३ ने भरून मोकळे होतात. चुकून घेतलेल्या क्रेडिटवर व्याज लागते ते त्या क्रेडिटचा वापर झाला असेल तरच, आणि जेवढा वापर झाला तेवढ्यावरच. क्रेडिट लेजरमधील शिल्लक त्या चुकीच्या रकमेच्या खाली गेली, तर जितकी खाली गेली तितका वापर धरला जातो. या कारखान्याची शिल्लक एका महिन्यात ११,००० पर्यंत उतरली होती, म्हणजे वापर ७,००० रुपयांचा झाला आणि व्याज वर्षाला १,२६० रुपये पडते. संपूर्ण १८,००० वर धरले असते तर ते ३,२४० झाले असते. शिल्लक कधीच १८,००० च्या खाली गेली नसती तर व्याज शून्य. यासाठी जानेवारी २०२३ पासूनचे क्रेडिट लेजर आम्ही ओळीने वाचतो. कराची रक्कम क्रेडिटमधून भरता येते, व्याज मात्र रोखीने भरावे लागते. कारणे दाखवा नोटीस निघण्यापूर्वी कर आणि व्याज भरले, तर या वर्षासाठी लागू असलेल्या कलम ७३ प्रमाणे दंड लागत नाही.

मग उत्तर लिहायला एक पान पुरते. त्याची धाटणी साधारण अशी असते: "परिशिष्टातील फरक रु. ७२,४००. पैकी रु. १८,४०० रिव्हर्स चार्जचे असून पुरावे जोडपत्र १ येथे आहेत. रु. ३६,००० चे बिल एप्रिल २०२२ च्या २बी मध्ये आहे, जोडपत्र २ पाहावे. रु. १८,००० दुबार नोंदीमुळे घेतले गेले असून ते व्याजासह डीआरसी-०३ ने भरले आहेत, पावती जोडपत्र ३ येथे आहे." यात मंदीचा उल्लेख नाही, अकाउंटंट सोडून गेल्याची हकीकत नाही आणि दयेची याचनाही नाही. मालकांना असे उत्तर फार कोरडे वाटते आणि आमचे शुल्क एका पानासाठी जास्त वाटते. ते शुल्क पानामागच्या जुळवणीचे असते. नोटिशीच्या उत्तराचे काम मासिक रिटर्नच्या शुल्कात धरलेले नाही, हेही येथेच स्पष्ट करतो.

"पुरवठादाराने बिल चढवलेच नाही, त्याचे पत्र चालेल का?" असेही विचारले जाते. ३१ डिसेंबर २०२१ पर्यंतच्या काळासाठी डिसेंबर २०२२ आणि जुलै २०२३ च्या परिपत्रकांनी तशी सोय दिली आहे. वर्षभरातील फरक एका पुरवठादारामागे पाच लाखांपर्यंत असेल तर त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र, आणि त्याहून जास्त असेल तर चार्टर्ड अकाउंटंट किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. त्यानंतरच्या काळासाठी ही सोय नाही. पुरवठादार कितीही ओळखीचा असला आणि त्याने कितीही मोठा शिक्का मारून दिला, तरी २बी मध्ये नसलेल्या बिलाचे क्रेडिट त्या पत्राने टिकत नाही.

उत्तर पोर्टलवर दाखल झाल्यावर त्याचा एआरएन जपून ठेवावा. खुलासा मान्य झाल्यास विभाग एएसएमटी-१२ देतो. तो येईपर्यंत प्रकरण बंद झाले असे समजू नये आणि जोडपत्रांची फाईल मोडू नये. त्यानंतरही हिशोबाची कागदपत्रे वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, म्हणजे २०२२-२३ ची ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. खुलासा मान्य न झाल्यास पुढे कारणे दाखवा नोटीस येऊ शकते, आणि तेव्हा हीच फाईल कामाला येते.

ज्या ग्राहकांची २बी आम्ही दरमहा खरेदी रजिस्टरशी ताडून देतो, त्यांच्याकडे वरील तिसऱ्या ओळीसारखी दुबार नोंद सहसा त्याच महिन्यात सापडते, आणि पहिल्या दोन ओळींचे कागद आधीच एकत्र लावलेले असतात. ही सेवा स्वतंत्रपणेही घेता येते. नोटीस आलेली असेल तर येताना परिशिष्टासह संपूर्ण नोटीस, त्या वर्षाच्या बारा ३बी, टॅली किंवा अन्य सॉफ्टवेअरमधील खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये आणि पोर्टलचा लॉगिन असलेली व्यक्ती सोबत आणावी. ओटीपी मालकाच्या मोबाईलवर येतो, त्यामुळे मालक त्या वेळी फोन उचलू शकतील अशी वेळ ठरवून यावे. बिलांची पिशवी पहिल्या भेटीत आणू नये. कोणती बिले लागतील त्यांची यादी आम्ही देऊ.