सुजलेल्या शरीरातील फेज अँगल : एका आकड्याची पार्श्वभूमी

डायलिसिसच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाचा, अंगातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून मोजलेला फेज अँगल कमी आला, की 'स्नायू खंगले, पोषण ढासळले' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष अनेकदा घाईचा का ठरतो, हे कळण्यासाठी या मोजमापाचा जन्म कशासाठी झाला, ते पाहावे लागते.

पेशीचे पटल विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखे वागते, हे ह्यूगो फ्रिके यांनी 1925 च्या सुमारास तांबड्या रक्तपेशींवरील प्रयोगांतून दाखवून दिले. पुढे फ्रान्समध्ये तोमासे यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी त्वचेखाली सुया टोचून, तर 1969 मध्ये हॉफर आणि सहकाऱ्यांनी त्वचेवर चार इलेक्ट्रोड लावून, शरीरातील एकूण पाण्याचा अंदाज बांधला. म्हणजे हे तंत्र मुळात पाणी मोजण्यासाठीच आले. पोषणाचा मापदंड ही ओळख त्याला नंतर चिकटली, आणि प्रस्तुत घोळाचे मूळही तेथेच आहे.

सर्वसाधारण यंत्र हात आणि पायावरील इलेक्ट्रोडांमधून 50 किलोहर्ट्झचा अतिसूक्ष्म प्रवाह सोडते. त्याला शरीरातील क्षारयुक्त पाणी जो विरोध करते तो रेझिस्टन्स (R), आणि पेशीपटलांमुळे प्रवाहाला जो विलंब होतो त्यातून येतो तो रिॲक्टन्स (Xc). फेज अँगल या दोहोंच्या गुणोत्तरातून निघतो:

```
PhA = arctan(Xc / R) × 180 / π
```

या सूत्रात वजन, उंची किंवा वय यांपैकी काहीही लागत नाही. शरीरात पाण्याचे प्रमाण नेहमीसारखेच आहे असे गृहीत धरणारी समीकरणे सुजलेल्या रुग्णात चुकतात, हे ठाऊक असलेल्या डॉक्टरांना हा आकडा त्यामुळेच सोयीचा वाटला. त्यातच 1995 मध्ये ऑट यांच्या गटाने एचआयव्हीच्या, तर 1996 मध्ये माज्जोरे यांच्या गटाने रक्तडायलिसिसच्या रुग्णांत, कमी फेज अँगल आणि मृत्यूचा अधिक धोका यांचा संबंध मांडला. तो संबंध खोटा नव्हता. मात्र समीकरण टाळले म्हणून पाण्याचा प्रभाव टळत नाही. पेशींबाहेर पाणी साचले की रेझिस्टन्स उतरतो, रिॲक्टन्स त्याहूनही अधिक उतरतो आणि कोन लहान होतो.

हिशेबासाठी एक कल्पित रुग्ण घेऊ. उंची 165 सेंटीमीटर, पायांवर बोट दाबले की खळगा पडतो. डायलिसिसपूर्वी R 420 ओहम आणि Xc 32 ओहम, म्हणून फेज अँगल 4.4 अंश. चार तासांत तीन लिटर पाणी काढल्यावर R 490 आणि Xc 45 झाले, तर फेज अँगल 5.2 अंशांवर जातो. चार तासांत कोणाचे स्नायू वाढत नाहीत. गंमत अशी, की चरबीविरहित वजन काढणाऱ्या समीकरणांचा कणा असलेले उंचीचा वर्ग भागिले R हे गुणोत्तर याच वेळी 64.8 वरून 55.6 वर येते. तेव्हा एकच यंत्र एकीकडे 'पोषण सुधारले' आणि दुसरीकडे 'स्नायू घटले' असे सुचवते, आणि प्रत्यक्षात फक्त पाणी गेलेले असते.

ही अडचण इटलीतील पिकोली यांनी 1994 मध्ये मांडलेल्या आलेखाने बरीच उकलली. त्यांनी R आणि Xc दोन्ही उंचीने भागून एका सदिशाच्या रूपात मांडले. वरच्या रुग्णाच्याच उंचीचा, पण सूज नसलेला एखादा खंगलेला रुग्ण घ्या, ज्याचा R 600 आणि Xc 46 आहे. त्याचाही कोन 4.4 अंशच येतो. आलेखावर मात्र पहिल्याचा सदिश आखूड आणि दुसऱ्याचा लांब दिसतो, आणि आखूडपणा हीच पाणी साचल्याची खूण असते. केवळ कोन नोंदवून R आणि Xc टाकून देणारा अहवाल हा फरकच पुसून टाकतो.

जलोदराची गोष्ट आणखी वेगळी. हातपाय बारीक असल्याने एकूण विरोधाचा मोठा वाटा त्यांचाच असतो. रुंद धडाचा वाटा जेमतेम दहावा असतो. त्यामुळे पोटात कित्येक लिटर पाणी असूनही मनगट ते घोट्याच्या मोजणीत ते फारसे उमटत नाही, उलट पायांची थोडी सूजही ठळक उमटते. युरोपीय पोषणसंस्था एस्पेनच्या 2004 च्या मार्गदर्शिकेने पाण्याचा तोल बिघडलेल्या रुग्णांत शरीरघटकांचे नेहमीचे मोजमाप वापरू नये, असे बजावले, ते याच जातीच्या मर्यादांमुळे.

म्हणून अशा रुग्णाचा कोन पोषणासाठी वाचायचाच असेल, तर तो डायलिसिसनंतर साधारण अर्ध्या तासाने, जादा पाणी निघून गेल्यावरच्या, म्हणजे कोरड्या वजनाच्या जवळ असताना, आधी दहा मिनिटे आडवे झोपवून आणि दर वेळी त्याच बाजूला मोजावा. मागील नोंदीशी तुलना करताना त्या दिवशीचे वजन व सूज शेजारी लिहिलेली असावी. वजन तीन किलोंनी उतरून कोन वाढला असेल, तर ती पाण्याची नोंद समजावी. वजन व सूज स्थिर असताना काही आठवड्यांत कोन घसरत गेला, तर मात्र हाताची पकड आणि आहार तपासायला घ्यावा.