एका खाड्यामागे तीन तास

हजेरीपटावर एका विद्यार्थ्याच्या नावापुढे दोन आकडे आहेत. एका विषयाचे आतापर्यंत ४८ तास झाले, त्यांतल्या ३० तासांना तो हजर होता. टक्केवारी ६२.५. परीक्षेला बसायचं तर किमान ७५ टक्के हजेरी हवी. तो मनातल्या मनात हिशेब मांडतो: ४८ चे ७५ टक्के म्हणजे ३६, आपले ३० भरलेत, म्हणजे सहा तास कमी पडताहेत. एवढंच ना! पुढचे सहा तास तो न चुकता बसतो आणि पुन्हा आकडा बघतो. ६६.६७ टक्के.

शिक्षकांनी हजेरी मांडताना चूक केली, असं त्याला वाटतं. चूक त्याच्याच हिशेबात आहे आणि ती बहुतेक सगळे करतात. त्याने ३६ तास भरले खरे, पण तोवर ४८ चे ५४ तास झाले. आपण वर्गात बसलो की अंश एकाने वाढतो, पण तो तास झालेला असल्यामुळे छेदही एकाने वाढतो. ज्या संख्येचे ७५ टक्के गाठायचे, ती संख्याच आपल्या प्रत्येक पावलाबरोबर पुढे सरकते.

त्याने हाच हिशेब चिकाटीने चालू ठेवला तर काय होईल ते पाहू. ५४ चे ७५ टक्के म्हणजे साडेचाळीस, अर्धा तास काही बसता येत नाही, म्हणून ४१. म्हणजे आणखी पाच तास. ते भरले की ५९ पैकी ४१, म्हणजे ६९.४९ टक्के. मग आणखी चार, मग तीन, मग दोन, आणि त्यानंतर ‘एकच तास कमी आहे’ हे उत्तर सलग चार वेळा येतं. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, एक, एक, एक. बेरीज २४. अखेर ७२ पैकी ५४, बरोबर ७५ टक्के. सहा तासांची वाटलेली तूट भरायला २४ तास लागले.

हे २४ एका ओळीत काढता येतात. सुरुवातीची तूट सहा तासांची. हे सहा तास भरताना सहा नवे तास झाले, आणि त्या सहांचे ७५ टक्के, म्हणजे साडेचार, ही नवी तूट. ती भरताना तिच्या ७५ टक्क्यांची आणखी एक. प्रत्येक तूट आधीच्या तुटीच्या पाऊणपट, अशी ही भूमिती श्रेढी आहे, आणि तिची बेरीज म्हणजे ६ भागिले ०.२५, म्हणजे २४. तेव्हा अट ७५ टक्क्यांची असेल तर मनात आलेल्या पहिल्या उत्तराला चाराने गुणायचं.

मला मात्र हा हिशेब टक्क्यांत करण्यापेक्षा खाड्यांत करायला आवडतो. ७५ टक्के म्हणजे दर चार तासांत तीन हजर आणि एक गैरहजर. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक खाड्यामागे तीन हजेऱ्या जमा असायला हव्यात. आपल्या विद्यार्थ्याचे खाडे १८. त्यांना झाकायला १८ × ३ = ५४ हजेऱ्या हव्यात. हातात ३० आहेत. राहिल्या २४. टक्केवारी काढायचीच गरज पडली नाही.

लागणारे तास = ३ × खाडे − हजर तास

उत्तर ऋण आलं तर तास गाठीला आहेत असं समजावं. ४० पैकी ३६ तास हजर असलेल्याचे खाडे चार, त्यांना हव्यात १२ हजेऱ्या, म्हणजे २४ जास्तीच्या. एका दांडीला तीन हजेऱ्या खर्ची पडतात, तेव्हा सलग आठ तास बुडवले तरी तो ४८ पैकी ३६ वर, म्हणजे नेमका ७५ टक्क्यांवर राहील. (हा परिच्छेद विद्यार्थ्यांना वाचून दाखवू नये, असं एका शिक्षक मित्राचं मत आहे.)

अट बदलली की फक्त गुणक बदलतो. ८० टक्क्यांना एका खाड्यामागे चार हजेऱ्या लागतात आणि ९० टक्क्यांना नऊ. ७५ आणि ९० मध्ये पंधराच टक्क्यांचं अंतर दिसतं, पण एका दांडीची किंमत तिपटीने वाढते. अट शंभर टक्क्यांची असेल तर एका खाड्याची भरपाई कितीही हजेऱ्यांनी होत नाही. आणि प्रॅक्टिकल दोन तासांचं धरलं जात असेल, तर ते एक बुडवणं म्हणजे दोन खाडे, ७५ टक्क्यांच्या हिशेबात सहा तासांचं कर्ज.

या खातेवहीत एक गमतीची गोष्ट लपलेली आहे. ‘लागणारे तास’ हा आकडा दर हजेरीला एकाने उतरतो आणि दर खाड्याला तीनने चढतो. समजा तो आधी शून्याच्या वर होता आणि काही आठवड्यांनी शून्याच्या खाली गेला. उतरताना तो एकेक पायरीनेच उतरतो, तेव्हा वाटेत शून्यावर त्याला थांबावंच लागलं. म्हणजे ज्याची हजेरी कधीतरी ७५ टक्क्यांहून कमी होती आणि आज जास्त आहे, त्याची हजेरी मधल्या एका क्षणी नेमकी ७५ टक्के झालीच होती. त्याने कुठले तास बुडवले नि कुठले भरले, यानं काही फरक पडत नाही. हजेरी ७५ च्या खाली येताना मात्र हा नियम लागू नाही, कारण खाड्याला हा आकडा तीन पायऱ्या एकदम चढतो आणि शून्य ओलांडून जाऊ शकतो. पाचपैकी चार तास भरलेला ८० टक्क्यांवर असतो, सहावा बुडवला की ६६.६७ वर. ७५ वाटेत आलेच नाहीत.

२००४ सालच्या पटनम गणित स्पर्धेतला पहिला प्रश्न हाच होता, फक्त तिथे तासांऐवजी बास्केटबॉलमधले फ्री थ्रो होते आणि ७५ ऐवजी ८० टक्के. खेळाडूचं यश आधी ८० टक्क्यांच्या खाली होतं, नंतर वर गेलं, तर मधे ते कधीतरी नेमकं ८० टक्के झालं असलंच पाहिजे का? उत्तर होकारार्थी आहे. प्रश्नात ८० ऐवजी ६० असते तर मात्र ते नकारार्थी झालं असतं. ६० टक्के म्हणजे दोन खाड्यांमागे तीन हजेऱ्या, आणि तिथे वर जातानाही उडी मारता येते: दोनपैकी एक म्हणजे ५० टक्के, पुढचा तास भरला की तीनपैकी दोन, म्हणजे एकदम ६६.६७.

संगणकावर हा हिशेब करणाऱ्यांनी एक खड्डा टाळायला हवा. नेहमीच्या बीजगणिताने सूत्र असं येतं: आवश्यक प्रमाणाला झालेल्या तासांनी गुणा, त्यातून हजर तास वजा करा, आणि उरलेल्याला एक वजा प्रमाणाने भागा. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या, कारण खालचा घेतला तर अट अगदी थोडक्यात हुकते. सूत्र बरोबर आहे. पण ५० पैकी ३० हजेऱ्या आणि ८० टक्क्यांची अट घेऊन पायथनला विचारून बघा:

```python
import math
print(math.ceil((0.8*50 - 30) / (1 - 0.8)))   # 51
print(4*(50 - 30) - 30)                       # 50
```

खाडे २०, त्यांना चारने गुणून ८०, वजा ३०, म्हणजे उत्तर ५०. आणि १०० पैकी ८० हे नेमके ८० टक्के आहेतच. पहिल्या ओळीला एक तास जास्त दिसतो, कारण ०.८ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही. १ − ०.८ चं उत्तर ०.२ हून किंचित लहान निघतं, भागाकार ५० हून किंचित मोठा होतो, आणि वरचा पूर्णांक घेणारी आज्ञा त्या किंचितचा अख्खा एक तास करून टाकते. दुसऱ्या ओळीत सगळे पूर्णांक आहेत, तिथे असं काही घडत नाही.

आता पुन्हा आपल्या विद्यार्थ्याकडे. त्याला २४ तास सलग बसायचं आहे, पण तितके तास व्हायला तर हवेत! त्या विषयाचे सत्रात एकूण ६४ तास असतील, तर ४८ झाल्यावर उरले १६. सगळे भरले तरी ६४ पैकी ४६, म्हणजे ७१.८८ टक्के. एकूण तास ८० असते तर गोष्ट वेगळी होती. तिथे २० खाडे चालतात, त्याचे १८ झालेत, म्हणजे उरलेल्या ३२ पैकी ३० तास भरून, दोन बुडवूनही तो सत्राच्या शेवटी ७५ वर पोहोचला असता. टक्केवारी दोन्हीकडे ६२.५ च.

म्हणूनच सत्र चालू असताना दिसणारी टक्केवारी फसवी असते. ६४ तासांच्या विषयात एकूण १६ खाडे चालतात. सतरावा झाला की दार बंद. सत्राच्या सुरुवातीला आठपैकी चारच तास भरलेला विद्यार्थी ५० टक्के पाहून घाबरतो, पण त्याच्या खाती चारच खाडे आहेत आणि पुढचे आठ तास सलग बसला की तो ७५ वर येतो. उलट ६० पैकी ४३ तास भरलेल्याला ७१.६७ हा आकडा धीर देतो. त्याचे खाडे १७ आहेत. त्यांना हव्यात ५१ हजेऱ्या, म्हणजे आणखी आठ, आणि तास उरलेत चार.