घराचा समोरून काढलेला फोटो: काय दिसतं आणि काय झाकलं जातं

जुनं रो-हाउस किंवा बंगला विकत घेऊ पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

घर घेण्याआधी ते तपासून द्या म्हणून आमच्याकडे येणारी बरीच कुटुंबं मोबाइल पुढे करूनच बोलायला सुरुवात करतात. दहा-बारा घरांतून दोन-तीन निवडून ठेवलेली असतात, आणि ती निवड बहुतेक वेळा समोरच्या बाजूच्या एकाच फोटोवर झालेली असते. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसाच विकणारा माणूसही फोटोसाठी घर सजवतो. त्यात गैर काही नाही. पण फोटो देखणा दिसतो तो पुष्कळदा वेळेमुळे आणि फोन कुठे धरला होता यामुळे. म्हणून फोटोत सौंदर्याआधी काय शोधायचं, ते आम्ही इथे सांगतो आहोत.

गेल्या वर्षी नाशिकमध्ये निवृत्तीनंतर राहण्यासाठी घर शोधणाऱ्या एका शिक्षक दांपत्याने आम्हाला दोन फोटो पाठवले. पहिला दिवेलागणीच्या वेळचा होता. निळसर आकाश, खिडक्यांतून पिवळा उजेड, भिंतीलगत फुलझाडांच्या कुंड्यांची रांग, आणि फाटकापासून दारापर्यंत लांबच लांब अंगण. दुसरा फोटो भर पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारचा. कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ, रंगावर काळे ओघळ, दारात एक जुनी स्कूटर. बाईंचं मन पहिल्या घरात अडकलं होतं आणि दुसरं यादीतून काढून टाकायचं ठरलं होतं. आम्ही म्हटलं, काढायचंच असेल तर काढा, पण आधी दोन्ही फोटो एकदा मोजून बघू.

अंगण लांब का दिसतं

फोटो काढणारा घराच्या किती जवळ उभा आहे, यावर सगळं अवलंबून असतं. समजा फाटकापासून भिंतीपर्यंत अंगण दहा फूट आहे. फाटकापासून पाच फुटांवर उभं राहिलं, तर फाटक पाच फुटांवर आणि भिंत पंधरा फुटांवर येते. म्हणजे भिंत फाटकाच्या तिप्पट दूर. फाटकाचा खांब फोटोत मोठा येतो, दार लहान येतं, आणि मधली जागा आपल्याला ऐसपैस वाटते. आता रस्ता ओलांडून तीस फुटांवर जा. फाटक तीस, भिंत चाळीस. हा फरक जेमतेम एक-तृतीयांश. तेच अंगण आता दहा फुटांचंच दिसतं.

एवढ्या जवळून अख्खं घर साध्या कॅमेऱ्यात मावत नाही. म्हणून फोनचा रुंद कोनाचा कॅमेरा वापरला जातो, तोच जो ‘0.5x’ असा दिसतो. त्याची खूण फोटोच्या कडांना सापडते. कडेला उभी असलेली गाडी ताणल्यासारखी लांब दिसते, गोल कुंडी अंडाकृती होते. फोन कमरेच्या खाली धरून वर वळवला असेल तर भिंतींच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि घर उंच, भारदस्त वाटतं. शिवाय खालून बघताना गच्चीचा कठडा आणि छज्जाची वरची बाजू दिसतच नाही, आणि पावसाचं पाणी तुंबतं ते नेमकं तिथेच.

मोजायला सोपी पट्टी म्हणजे मुख्य दार. आपल्याकडे ते बहुधा सात फूट उंच असतं. फोटो समोरून सरळ काढलेला असेल तर पडद्यावर दाराची उंची पट्टीने मोजा. चौदा मिलिमीटर भरली, तर दोन मिलिमीटरला एक फूट. आता दाराच्याच रेषेत असलेलं पार्किंग सोळा मिलिमीटर भरलं, तर ते आठ फूट रुंद. छोटी गाडी आत जाईल आणि एका बाजूचं दार उघडता येईल, एवढंच. ही पट्टी त्याच भिंतीतल्या गोष्टींना चालते. फाटक पुढे असतं, त्याला लावली तर उत्तर चुकतं. फोटोच्या अगदी कडेला असलेल्या भागालाही ती लागू नाही.

पहिल्या घराच्या फोटोत फाटकाचा खांब दारापेक्षा उंच दिसत होता. प्रत्यक्षात अंगण नऊ फूट निघालं.

पायऱ्या मोजा

फोटोतली सगळ्यात खरं बोलणारी गोष्ट आमच्या मते पायऱ्या. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घराचं जोतं सभोवतालच्या जमिनीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर असायला हवं. एक पायरी सुमारे सहा इंचांची धरली तर अंगणातून ओट्यावर चढायला तीन पायऱ्या तरी दिसायला हव्यात. जुन्या कॉलन्यांत मात्र वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून रस्ता वर येतो. मग लोक पाणी आत येऊ नये म्हणून अंगणात भर टाकून पेव्हर ब्लॉक बसवतात, आणि खालची एक-दोन पायरी त्यात गडप होते.

पहिल्या घराला एकच पायरी दिसत होती, आणि तीही कुंड्यांआडून. पेव्हर ब्लॉक नवे कोरे. आम्ही तिथे जाऊन कुंड्या बाजूला केल्या. त्यांच्या मागे जमिनीपासून दोन फुटांपर्यंत गिलावा फुगलेला होता, बोट लावलं की पोपडे निघत होते आणि आत पांढरा लोणा होता. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते ती बहुधा खालच्या तीन-साडेतीन फुटांतच थांबते. त्यामुळे तेवढा पट्टा झाकला की फोटोत ती दिसत नाही. कुंड्यांची अखंड रांग, भिंतीला टेकवलेला बाक, खालच्या भागात नव्याने लावलेल्या टाइल्स, यांतलं काही दिसलं तर त्यामागे काय आहे ते जरूर विचारा. कधी खरोखर फुलांची हौसच असते, पण विचारायला संकोच कशाला?

दुसऱ्या घराला तीन पायऱ्या होत्या आणि चौथी अर्धी पेव्हरमध्ये बुडालेली. स्कूटरमागची भिंत आम्ही ठोकून पाहिली, आवाज भरीव आला.

उजेड काय लपवतो

अंधाऱ्या खोलीत बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी मारली की भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. तीच बॅटरी समोरून मारली तर भिंत सपाट दिसते. ऊनही असंच वागतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या घराचा फोटो सकाळी आठला काढला तर ऊन थेट अंगावर असतं, फुगलेला गिलावा आणि बारीक भेगा पुसल्यासारख्या होतात. साडेअकराच्या सुमारास सूर्य वर चढतो, ऊन भिंतीवरून घसरत खाली येतं, तेव्हा पुट्टी भरून रंगवलेली भेगही रेघेसारखी उठून दिसते. पश्चिमेच्या घराला हाच क्षण साधारण एकच्या आसपास येतो. त्याच उन्हात छज्जा आणि बाल्कनीची खालची बाजू मात्र काळी होते. सळई गंजून स्लॅबचा खालचा थर सुटत असेल तर तो तिथेच दिसतो, म्हणून छज्जाच्या पोटाचा फोटो वेगळा, फ्लॅश लावून मागावा लागतो.

दिवेलागणीचा फोटो सगळ्यात मोहक आणि सगळ्यात मुका. नजर उजळलेल्या खिडक्यांकडे जाते. भिंतीचा रंग, ओलीचे डाग, कॉलमच्या कडेने गेलेली उभी तपकिरी भेग, हे सगळं निळसर अंधारात विरतं. पहिल्या घराच्या डाव्या कॉलमवर अशीच भेग होती. ती आम्हाला फोटोत सापडली नाही, जागेवर गेल्यावरच कळली. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण फोटो बघून आम्ही शंका काढू शकतो, घर पास करू शकत नाही.

ऊन आणखी एक गोष्ट सांगतं, ती म्हणजे दिशा. जाहिरातीत ‘उत्तराभिमुख’ लिहिलेलं असतं आणि फोटोत भर दुपारी, माणसांच्या सावल्या आखूड असताना, समोरची भिंत उन्हाने न्हालेली असते. आपल्याकडे दुपारी सूर्य वर्षातला बहुतेक काळ डोक्याच्या दक्षिणेला असतो. नाशिक-पुण्याला तो मध्यान्हीला उत्तरेकडे जातो तो मेच्या मध्यापासून पुढे जुलैपर्यंतच, आणि तेव्हाही जवळजवळ माथ्यावरच. त्यामुळे दुपारी उन्हाने भरलेली भिंत उत्तरेची नसते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ मात्र उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं, तेव्हा निष्कर्षाआधी सावली किती लांब आहे ते पाहा.

महिना कोणता

एप्रिल-मेमधल्या फोटोत ओल सुकलेली असते. जुलै-ऑगस्टचा फोटो बघायला उदास, पण आमच्या दृष्टीने तो लाखमोलाचा. दुसऱ्या घराच्या फोटोत रंगावर शेवाळाचे काळे ओघळ होते ते कठड्याच्या सांध्यांखालीच. भिंतीच्या मधोमध ओलीचा एकही डाग नव्हता. म्हणजे पाणी कठड्यावरून बाहेरून ओघळत होतं, आतून पाझरत नव्हतं. कठड्यावर उतार देऊन पाण्याची धार तोडणारी पट्टी बसवली आणि भिंत घासून रंगवली की हा प्रश्न सुटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख निघून जाते. विकणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, बहुधा मूळ तारीख टिकते.

चौकटीबाहेरचं

दुसऱ्या घराचा फोटोही पूर्ण खरा नव्हता. उजवी कड जरा जास्तच जवळून कापली होती. जाऊन पाहिलं तर तिथे वीज मंडळाची डीपी, कंपाउंडपासून हातभर अंतरावर. साहेबांनी दोन वेळा जाऊन तिचा आवाज रात्री किती येतो ते ऐकलं, मग किमतीत तेवढी घासाघीस केली आणि घर घेतलं. बाईंना आजही पहिल्या घराचा तो संध्याकाळचा फोटो आवडतो, आणि तो सुंदर होताच.

तुम्ही यादी आमच्याकडे आणण्याआधी प्रत्येक घराचे आणखी चार फोटो मागवून ठेवलेत तर आमचं काम निम्मं होतं आणि तुमच्या फेऱ्या वाचतात. एक रस्त्यापलीकडून, छातीच्या उंचीवर फोन सरळ धरून, दोन्ही शेजारी घरं चौकटीत येतील असा, ‘1x’ वर. दुसरा दाराकडे पाठ करून समोर काय आहे त्याचा. तिसरा छज्जाच्या खालून फ्लॅशचा. चौथा भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग, कुंड्या हलवून. यांतला एखादा फोटो विकणारा पुन्हा पुन्हा टाळत असेल, तर आम्हाला तेवढं सांगा, त्या जागेपासूनच आम्ही तपासणी सुरू करू.