अंदाजाने काढलेली उकल: बचत खात्याचं पुनरावर्ती समीकरण

सीताबर्डीतल्या एका बँकेत १०,००० रुपयांनी खातं उघडलं, दर महिन्याला २,००० भरले आणि महिन्याला अर्धा टक्का व्याज धरलं, तर शिल्लक अशी चालते: sₙ = 1.005 sₙ₋₁ + 2000. (खऱ्या बचत खात्यावर २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात, म्हणून हा हिशोब ढोबळच समजावा.)

सगळी अडचण त्या मागच्या २००० ची. ते नसतं तर उत्तर १७२८ मध्येच हाती आलं असतं. ज्या मालिकेत प्रत्येक पद मागच्या पदांवरून ठरतं, तिचं सर्वसाधारण पद घातांकी पदांच्या बेरजेने लिहिता येतं, हे डॅनियल बर्नुली यांनी तेव्हा दाखवलं होतं. अशा मालिका द म्वाव्र यांच्या अभ्यासात आधीच आल्या होत्या.

२००० साठी पाठ्यपुस्तकं सांगतात, ‘स्थिरांक समजून पाहा’. c = 1.005c + 2000 वरून c = −400000. बचत खात्यात उणे चार लाख? ही रक्कम कर्ज म्हणून वाचली की अर्थ लागतो. चार लाखांच्या कर्जावर महिन्याचं व्याज नेमकं २,०००, हप्ताही २,०००, म्हणजे कर्ज जागचं हलत नाही. आता sₙ = A(1.005)ⁿ − 400000. सुरुवातीच्या १०,००० वरून A = 410000. पडताळा सोपा आहे: पहिल्या महिन्याअखेर दोन्ही बाजूंनी १२,०५० येतात. वर्षअखेरीस सुमारे ३५,२८८ जमतात. त्यातले ३४,००० आपलेच.

पण स्थिरांकच का? लागोपाठच्या दोन महिन्यांची समीकरणं वजा केली की २००० उडतात आणि उरतं sₙ₊₁ − sₙ = 1.005(sₙ − sₙ₋₁). हे बर्नुलींच्या जातीचं समीकरण आहे. त्यात sₙ = rⁿ घातलं की r च्या ज्या किमती चालतात ती त्याची मुळं: १.००५ आणि १. स्थिरांक येतो तो या १ मधून. म्हणजे अंदाज नावापुरताच.

अंदाज फसतो कुठे, तेही इथूनच कळतं. व्याज शून्य असेल तर c = c + 2000 असं अशक्य समीकरण येतं, कारण १ हे मूळ आता दोनदा आलं. मूळ दोनदा आलं की n ने गुणलेलं पदही लागतं, हे ऑयलर यांच्या १७४८ च्या ग्रंथातल्या मालिकांच्या प्रकरणात सापडतं. मग उकल 2000n, जी घरच्या गुल्लकचीच आहे. हप्ताच दरमहा अर्ध्या टक्क्याने वाढवला, म्हणजे 2000(1.005)ⁿ, तरी तीच गत. C(1.005)ⁿ घातलं तर C दोन्ही बाजूंनी कटतो आणि 0 = 2000 उरतं. Cn(1.005)ⁿ घाला, C = 2000 मिळतो आणि शिल्लक होते (10000 + 2000n)(1.005)ⁿ.

१७५९ मध्ये लाग्रांज यांनी विकलक समीकरणांच्या रीती अशा फरकांच्या समीकरणांना लावल्या. दोन्हीकडे अंदाजाचे तेच नियम दिसतात ते त्यामुळेच, फक्त तिथे n च्या जागी x असतो.