बायोडेटा वेगळा, प्रोफाइल वेगळी: पुतण्याला पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रोफाइल काल रात्री नीट वाचली. लग्न जुळवणाऱ्या साइटवर टाकण्याआधी मला पाठवलीस हे चांगलं केलंस. वाचताना लगेच कळलं की तू घरातला बायोडेटा समोर ठेवून त्यातलं एकेक वाक्य रकान्यांत भरलं आहेस. असं करणारा तू एकटाच नाहीस. समाजाच्या वधू-वर मेळाव्यात मी वीसेक वर्षं फॉर्म तपासायला बसतो. हल्ली दर मेळाव्यानंतर कोणी ना कोणी आईवडील मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "बायोडेटा तर सगळ्यांना आवडतो, मग प्रोफाइलवरून जुळत का नाही?" उत्तर एकच आहे, आणि ते दरवेळी उभ्या उभ्या सांगून भागत नाही. म्हणून हे पत्र.

बायोडेटा तुला पाठ आहे. वर गणपती, मग जन्मवेळ, रास, नाडी, गण, कुलदैवत, मामांचं कूळ, खाली बाबांचा फोन आणि शेवटी "अपेक्षा : अनुरूप". त्यावर मी वेळ घालवत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घे. बायोडेटा कधीच एकटा फिरत नाही. तो निफाडच्या आत्याकडून सिन्नरच्या मावशीकडे जातो तेव्हा आत्या सोबत दोन वाक्यं बोलते. "मुलगा अंबडला आहे, पॅकेज सातचं म्हणतात, पण हातात पंचेचाळीस-पन्नास धरा. शेती आहे, पण अजून एकत्र आहे." कागदावर जे फुगलेलं असतं, ते आत्या जाता जाता खाली आणते. कागदावर जे अर्धवट असतं, ते ती पूर्ण करते. म्हणून बायोडेट्यातली थोडी अतिशयोक्ती आजवर खपून गेली. ती खरं म्हणून कोणी वाचतच नव्हतं.

प्रोफाइलसोबत आत्या नसते. तिथे तुझी माहिती आधी माणूस वाचत नाही, रकाना वाचतो. समोरच्या मुलीने वय, उंची, शिक्षण, उत्पन्न, गाव यांच्या मर्यादा आधीच भरून ठेवलेल्या असतात. तू त्यांत बसलास तर तिला दिसतोस, नाहीतर तू त्या साइटवर आहेस हेही तिला कळत नाही. खाली मोकळ्या जागेत तू कितीही प्रामाणिकपणे सगळं समजावून लिहिलंस, तरी ते वाचायला मिळतं फक्त रकान्यांतून पार झालेल्या मुलीला. परवा फोनवर तू म्हणालास, "काका, खाली लिहिलंय की खुलासा." सगळा घोळ इथेच आहे. खुलासा खाली असतो आणि निवड वरच होऊन गेलेली असते.

तुझ्या उत्पन्नाचा रकाना घेऊ. तू "७ ते १० लाख" निवडलं आहेस, कारण ऑफर लेटरवर ७,२०,००० लिहिलेलं आहे. मी ते लेटर पुन्हा उघडलं. तुझा मूळ पगार महिना २५,०००, म्हणजे वर्षाचे ३,००,०००. त्यावर कंपनी स्वतःच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड भरते १२ टक्के, ते झाले ३६,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. ती नोकरी सोडताना मिळते, तीही साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर. मेडिक्लेमचा हप्ता ९,५७०, तो तुझ्या हाताला लागतच नाही. आणि वर्षाअखेरचं व्हेरिएबल ६०,०००, कंपनीचं आणि तुझं वर्ष चांगलं गेलं तरच. या चारांची बेरीज बरोबर १,२०,००० होते. ७,२०,००० मधून ते वजा कर. ६,००,००० उरले, म्हणजे महिना ५०,०००. त्यातून तुझ्या वाट्याचा फंड ३,००० आणि व्यवसाय कर २०० जातो, फेब्रुवारीत ३००. आयकर इतक्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत पडत नाही. तुझ्या बँकेत महिन्याला येतात ४६,८००.

आता समोरच्या बाजूने बघ. एखाद्या मुलीने "किमान ७ लाख" भरलं असेल, तर तिच्या डोक्यात महिना साठ हजारांच्या आसपासचा संसार आहे. फ्लॅटचा हप्ता तिने त्याच हिशोबाने धरला आहे. तू तिला दिसतोस, बोलणं सुरू होतं, दोन्ही घरं भेटतात आणि तिसऱ्या भेटीत ४६,८०० हा आकडा बाहेर येतो. तो आकडा कमी नाही. पण तिने ऐकलेल्या आकड्यापेक्षा तो तेरा हजारांनी खाली आहे, आणि त्या क्षणापासून ती तुझं प्रत्येक वाक्य तपासून बघणार. तू म्हणशील, "किमान ५ लाख" भरणाऱ्या मुलींनाही मी दिसतोच की. दिसतोस. पण ज्या घरात मुलीचा स्वतःचा पगार पाच लाखांच्या आत आहे, ते तुझा ७ ते १० वाचून "हे आपल्याला नाही म्हणतील" असं धरून पुढे सरकतात. मेळाव्यात अशी घरं मी डोळ्यांसमोर बघितली आहेत. ज्यांना तुझा खरा पगार पुरेसा वाटला असता, तीच माणसं तुझ्यापाशी थांबत नाहीत.

"सगळेच पॅकेज लिहितात" हा मुद्दा मला मान्य नाही. पॅकेज सांगायचं असेल तर तो शब्द लिहून सांग. रकान्यात फक्त आकडा जातो, शब्द जात नाही. म्हणून माझा आग्रह असा : रकान्यात ठरलेला वार्षिक पगार धरून "५ ते ७ लाख", आणि खाली एका वाक्यात हातात किती येतात ते. व्हेरिएबल मिळालं तर ते तुमच्या दोघांचं, लग्नानंतर.

हे मी आपल्या घरच्या अनुभवावरून सांगतोय. दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडच्या आपल्या घरी ताईला बघायला एक मुलगा आला होता. प्रोफाइलवर "१५ लाखांच्या वर". पोहे झाले, पत्रिका जुळत होती, मुलगा बोलायला चांगला होता. निघताना काकूने साधेपणाने विचारलं, "महिन्याचे हातात किती येतात?" मुलगा चहाच्या कपाकडे बघत राहिला. वडील म्हणाले, "त्यात बोनस आणि शेअर्स धरलेत." कोणीच पुढे काही बोललं नाही. ते गेल्यावर ताईने कपबशा उचलता उचलता सांगितलं, "आई, त्याने नऊ लाख लिहिलं असतं ना, तरी मी भेटले असते. आता मात्र नको." तिने अट म्हणून आठ लाख भरलं होतं.

हीच गोष्ट शेतीची. बायोडेट्यात "६ एकर बागायत, द्राक्षबाग" लिहिलेलं तालुक्यात कोणीही वाचलं तरी मनात तीन भावांनी भागून घेतं. पुण्यात वाढलेली मुलगी भागून घेणार नाही, ती सहा एकर तुझे समजेल. आणि तिच्या मामांनी गट नंबर मिळवून महाभूलेखवर सातबारा उघडला, तर त्यांना आजोबांचं नाव दिसेल. "एकत्र कुटुंबाची ६ एकर, आमचा वाटा साधारण २ एकर" एवढं लिही.

आता अपेक्षा. इथे बायोडेट्याची सवय सगळ्यात जास्त नडते, आणि खोटं न बोलताही चूक होते. बायोडेट्यात तू लिहिलं होतंस, "मुलगी शक्यतो नाशिकची." छान वाक्य आहे. पण साइटच्या रकान्यात "शक्यतो" नसतं. तू राहण्याच्या ठिकाणात फक्त नाशिक टिक केलंस आणि वर "सक्तीची अट" हेही लावलंस. परिणाम असा, की सातपूरला वाढलेली, आईवडील अजून तिथेच असलेली, पण नोकरीला हिंजवडीत असलेली प्रत्येक मुलगी तुझ्या यादीतून गेली, कारण तिच्या प्रोफाइलवर राहण्याचं ठिकाण पुणे आहे. आपल्याकडच्या किती मुली शिकून पुण्याला जातात हे तुला मी सांगायला नको. तुला त्या नको होत्या असं नाही, तुला फक्त "शक्यतो" म्हणायचं होतं. म्हणून रकान्यात अट तेवढीच लाव जी मोडली तर तू खरंच नाही म्हणशील. बाकी सगळं "शक्यतो" खालच्या मोकळ्या जागेत जातं.

उंची पाच-सात आहे, ती पाच-सातच लिही, बुटांसकट पाच-नऊ नको. फोटो मित्राच्या लग्नातला, सहा जणांत तू तिसरा, असा नको. दिवसाच्या उजेडात काढलेला, या वर्षीचा, एकट्याचा एक पुरे. बायोडेट्याचा कागद फोटो म्हणून अपलोड करतात ते मला अजिबात पटत नाही. त्यावर जन्मतारीख, पत्ता, बाबांचा फोन, सगळं असतं, आणि तो कागद ओळखीतल्या हातांतून जाण्यासाठी केलेला असतो. आणि "सिंपल, केअरिंग, फॅमिली ओरिएंटेड" हे तीन शब्द काढून टाक. ते प्रत्येक प्रोफाइलवर आहेत, त्यावरून तू कोण हे कोणालाच कळत नाही.

त्या जागी मी हे लिहून बघितलं, तुझ्या बोलण्याच्या पद्धतीने :

"अंबडला एका कंपनीत क्वालिटी विभागात चार वर्षं नोकरी करतो. ठरलेला पगार वर्षाला सहा लाख, हातात महिना साधारण सत्तेचाळीस हजार. इंदिरानगरला आईबाबांसोबत राहतो, घर बाबांच्या नावावर आहे. पिंपळगावजवळ आजोबांची एकत्र द्राक्षबाग आहे, छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत सुट्टी घेऊन तिथे असतो. लग्नानंतर बायकोने नोकरी करावी की नाही हे तिने ठरवावं."

छाटणीचं वाक्य ठेवच. ऑक्टोबरात तू कुठे असतोस हे मुलीला आधी कळलेलं बरं, आणि ते वाचून जिला तुझ्याशी बोलावंसं वाटेल, ती तुझ्याशीच बोलायला आलेली असेल.

एक ओळ मी मोकळी सोडली आहे. मुलगी पुण्यात नोकरीला असेल तर तू तिकडे बदली बघशील का, की तिने नाशिकला यावं अशी तुझी इच्छा आहे, की अजून ठरलं नाही. ते मी लिहू शकत नाही. बाबांशी आणि आईशी बोल, जे असेल ते त्याच शब्दांत लिही. "अजून ठरलं नाही" असेल तर तसंच लिही. रविवारी मी घरी आहे, ये. सोबत बसून रकाने भरू.

तुझा,
काका